स्वमग्न बालकाची झोप
स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील जन्मजात भिन्नता असून तीत परस्परसंपर्क, भाषा आणि वर्तन यांची घडण सर्वसाधारण बालकाहून निराळी असते. अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे पहिले सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. निद्राविकार हे स्वमग्नतेच्या निदानाचे लक्षण मानले जात नाही. तथापि निरनिराळ्या पाहण्यांनुसार सु. ५० ते ८० टक्के स्वमग्न बालकांना झोपेची काही ना काही अडचण असते. रात्री फार उशिरा झोप लागणे, मध्यरात्री जाग येऊन तास-दोन तास जागे राहणे आणि पहाटे फार लवकर उठणे हे तिचे तीन मुख्य प्रकार होत. यांपैकी उशिरा झोप लागण्याचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो व घरातील उपायांनी तोच सर्वांत जास्त सुधारतो. म्हणून येथे मुख्यतः त्याचा व त्याला जोडून येणाऱ्या मध्यरात्रीच्या जागेचा विचार केला आहे.

झोप कशी लागते : झोप लागणे हे दोन यंत्रणांवर अवलंबून असते, असे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडले व ते आजही मूलतः ग्राह्य मानले जाते. पहिली यंत्रणा म्हणजे झोपेची साठत जाणारी ओढ. माणूस जितका वेळ जागा असेल तितकी ती वाढते आणि झोप घेतली की उतरते. दुसरी म्हणजे मेंदूतील अधोथॅलॅमसात असलेले जैव घड्याळ. डोळ्यांच्या जालपटलावर पडणाऱ्या प्रकाशावरून ते रोज जुळवून घेतले जाते व अंधार पडू लागला की त्याच्या इशाऱ्यावरून तृतीय नेत्र पिंडातून मेलॅटोनीन हे हॉर्मोन स्रवू लागते. या दोन्ही यंत्रणा एका वेळी अनुकूल झाल्या म्हणजे झोप लागते. इच्छेने वा आज्ञेने ती लागत नाही. [⟶ निद्रा].

येथे पालकांच्या अनुभवाला विसंगत वाटेल अशी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नेहमीच्या झोपेच्या वेळेपूर्वीचे दोन-तीन तास हे जैव घड्याळाच्या दृष्टीने सर्वांत जास्त जागृतीचे असतात. इझ्राएलमधील संशोधक पेरेट्झ लॅव्ही यांनी १९८६ मध्ये प्रयोगाने दाखविले, की या काळात थकलेल्या माणसासही सहसा झोप येत नाही. ज्या मुलाला प्रत्यक्षात साडेअकराला झोप लागते त्याला नऊ वाजता अंथरुणावर निजविले, तर त्याच्या दिवसातील सर्वांत जागत्या घटकेला आपण त्याला अंधारात पडून राहण्यास सांगत असतो. ते उठते, उड्या मारते, हसत सुटते किंवा रडते. रोज दोन-अडीच तास असे गेले, की अंथरूण ही झोपण्याची जागा न राहता धडपडीची जागा म्हणून मुलाच्या मनात ठसते. दमलेले पालक बहुधा ‘उद्या आणखी लवकर निजवू’ असा निश्चय करतात व त्यामुळे गोष्ट अधिकच बिघडते.

स्वमग्न बालकात याला आणखी काही गोष्टींची भर पडते. काही स्वमग्न व्यक्तींत रात्रीच्या मेलॅटोनिनाचे प्रमाण कमी आढळले आहे, सर्वांत नव्हे. दुसरे असे, की ‘आता घरातील सर्वजण आवरते घेत आहेत’ हा जो सूचक बदल इतर मुले आपोआप टिपतात, तो स्वमग्न मुलाच्या लक्षात येतोच असे नाही. दिवा मंद झाला, आवाज खाली आले, आजी जपमाळ घेऊन बसली, यांचा अर्थ ‘झोपेची वेळ झाली’ असा त्याला वेगळा शिकवावा लागतो. आवडीची क्रिया सोडून दुसरीकडे वळणे त्याला कठीण जाते. शिवाय सदऱ्याच्या गळपट्टीमागची चिठ्ठी, डास पळविणाऱ्या अगरबत्तीचा वास किंवा नळीदिव्याची घरघर यांसारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या संवेदना त्याला असह्य होऊ शकतात.

आधी शरीराची तपासणी : घरातील क्रम बदलण्यापूर्वी झोपमोडीचे शारीरिक कारण नाही ना, हे पाहिले पाहिजे. बोलू न शकणारे मूल ‘दुखते’ असे सांगत नाही. त्याचे वागणेच ते सांगते. पोट खाटेच्या कडेवर किंवा उशीवर दाबून पालथे पडणे हे बद्धकोष्ठाचे वा आम्लपित्ताचे, कानावर थापट्या मारणे हे कानदुखीचे किंवा दातदुखीचे आणि पहिल्या झोपेत गुदद्वाराशी खाजविणे हे कृमींचे चिन्ह असू शकते. तीन-चार दिवसांतून एकदा कठीण शौचास होणारी स्वमग्न मुले पुष्कळ असतात, कारण अनेकांचा आहार पाच-सहा पदार्थांपुरता मर्यादित असतो. त्याच कारणाने शरीरातील लोहाचा साठा कमी पडतो व झोपेत पाय सारखे हलत राहतात. अशा मुलात रक्तातील फेरिटीन तपासतात. ते लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर लोह देण्याचा विचार वैद्य करतात. जोराने घोरणे, मधूनच श्वास अडकल्यासारखा होणे, मान मागे टाकून तोंड उघडे ठेवून झोपणे यांवरून गिलायू म्हणजे टॉन्सिल वा ॲडेनॉइड वाढल्याची शंका घ्यावी. झोपेत दरवेळी अगदी एकाच तऱ्हेचे झटके येत असतील, तर अपस्माराची तपासणी आवश्यक ठरते, कारण स्वमग्न व्यक्तींत अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते. दम्यावरील काही औषधांनी व लक्षन्यूनतेसाठी दिल्या जाणाऱ्या उत्तेजक औषधांनीही झोप लांबते. त्यांची मात्रा व वेळ वैद्याला विचारून पहावी, आपल्या मनाने बंद करू नये.

झोपेची नोंद : यानंतर किमान सात रात्री काहीही न बदलता नोंद ठेवावी. मुलाला अंथरुणावर केव्हा नेले, प्रत्यक्ष झोप केव्हा लागली, मध्यरात्री केव्हा व किती वेळ जागे होते, सकाळी केव्हा उठले आणि दिवसा केव्हा झोपले, एवढ्या पाच वेळा भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या चौकटीतही मावतात. नोंद त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर करावी. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंद निरुपयोगी असते, कारण वाईट रात्री ठळक आठवतात व बऱ्या रात्री विसरल्या जातात.

उदाहरणादाखल रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड या किनाऱ्यावरील गावातल्या एका घराचा विचार करू. गणपतीपुळ्याशेजारचे हे गाव कवी केशवसुतांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. हे उदाहरण एका विशिष्ट मुलाचे नाही. अशा कुटुंबांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी त्यात एकत्र केल्या आहेत. घर जांभ्या दगडाचे, कौलारू; वडील नोकरीनिमित्त मुंबईस; घरात आई, आजी आणि सहा वर्षांचा मुलगा. माजघरात तिघांची अंथरुणे शेजारी शेजारी पडतात. ओटीवर दूरदर्शन संच रात्री दहापर्यंत चालू असतो. मुलगा पाच वाजता शाळेतून येतो, चहा-बिस्किट खातो आणि सव्वापाच ते साडेसहा झोपतो. आई त्याला नऊला अंथरुणावर नेते. एका आठवड्यात त्याला झोप लागण्याच्या वेळा अशा : ११.१०, ११.४०, १०.५०, ११.३०, १२.०५, ११.१५ व ११.२०. त्यांची सरासरी ११ वाजून २४ मिनिटे येते. शाळेच्या दिवशी त्याला आठ वाजता ओढून उठवावे लागते, रविवारी तो साडेनऊला उठतो.

या नोंदीवरून तीन गोष्टी उघड होतात. मुलगा अंथरुणावर रोज जवळजवळ अडीच तास जागा असतो. संध्याकाळची सव्वा तासाची झोप त्याची ओढ ऐन वेळी उतरवून टाकते. आणि रविवारी दीड तास उशिरा उठल्याने त्याचे घड्याळ दर आठवड्याला पुन्हा मागे पडते. चहाचा भागही दुर्लक्षिण्यासारखा नाही. त्यातील कॅफिनाचा परिणाम लहान मुलात पाच-सहा तास टिकू शकतो व अर्धा कप चहा म्हणजे ‘दूधच’ ही आपल्याकडील समजूत चुकीची आहे.

झोपण्याची वेळ टप्प्याटप्प्याने अलीकडे आणणे : या पद्धतीचे वर्णन कॅथलीन पियाझा व वेन फिशर यांनी १९९१ मध्ये केले. तिचे तत्त्व असे, की मुलाला प्रथम त्याला खरोखर झोप येते त्या वेळीच निजवावयाचे, अंथरूण व झोप यांचा तुटलेला सांधा पुन्हा जोडावयाचा आणि मग ती वेळ हळूहळू अलीकडे आणावयाची. मूळ पद्धतीत झोप न लागल्यास मुलाला तासभर अंथरुणाबाहेर काढीत असत. घरगुती वापरात तो कठोर भाग वगळला तरी चालतो.

वरील मुलाच्या बाबतीत सकाळी उठण्याची वेळ साडेसात ही ठरवावी व ती रविवारीही पाळावी. संपूर्ण योजनेचा खुंटा हाच आहे. रात्र कशीही गेली असली, तरी साडेसातला खिडकी उघडून त्याला उठवावे आणि पहिला अर्धा तास अंगणात किंवा पडवीत उजेडात घालवावा. सायंकाळची झोप बंद करण्यासाठी शाळेतून आल्यावर त्याला घरात न बसविता किनाऱ्यावर वाळूत किंवा परसात नेणे सोयीचे पडते, कारण बसल्या जागी तो हमखास पेंगतो. सहा वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेची गरज नसते. तीन वर्षांच्या मुलाला मात्र असते, त्याची दुपारची झोप बंद न करता ती तीनच्या आत संपेल असे पहावे.

रात्री निजविण्याची पहिली वेळ सरासरीवरून साडेअकरा ही येते. आई-आजींना ती ऐकून धक्का बसतो व ते साहजिक आहे. परंतु मुलगा त्यापूर्वी झोपतच नव्हता. साडेअकरापर्यंत त्याला अंथरुणापासून दूर, मंद उजेडात, शांत खेळात जागे ठेवावे. साडेअकराला निजविल्यावर लागोपाठ दोन रात्री तो वीस मिनिटांच्या आत झोपला, तर तिसऱ्या रात्रीपासून वेळ सव्वाअकरा करावी. पुन्हा दोन रात्री तसेच झाले, तर अकरा. वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर वेळ आहे तीच ठेवावी आणि तीन रात्री अपयश आल्यास पंधरा मिनिटे मागे जावे. या मुलासाठी साडेनऊ हे उद्दिष्ट मानले, तर दोन तासांचे अंतर आठ टप्प्यांत तोडावयाचे आहे. म्हणजे कमीत कमी सोळा रात्री लागतात. प्रत्यक्षात चार ते सहा आठवडे धरावेत.

पहिला आठवडा कष्टाचा असतो. मुलाला आठ तासांच्या आतबाहेर झोप मिळते व सायंकाळची झोप थांबलेली असते. तो संध्याकाळी चिडचिडा होतो, काही मुले पूर्वीपेक्षा जास्त हात चावतात किंवा डोके आपटतात. हे सहसा चौथ्या-पाचव्या दिवसापासून ओसरते. ज्या मुलाला अपस्मार आहे त्याच्यावर मात्र ही पद्धत वैद्याच्या अनुमतीखेरीज वापरू नये, कारण झोप कमी झाल्याने झटके येऊ शकतात.

योजना फसते ती बहुधा दोन ठिकाणी. एक म्हणजे सकाळची वेळ. रात्रभर जागलेल्या आईला मूल शांत झोपलेले असताना त्याला उठविणे जिवावर येते, पण एक रविवार हातचा गेला तर दोन टप्पे मागे जावे लागतात. दुसरे म्हणजे घाई. अकराला दोन रात्री झोपला म्हणून तिसऱ्या रात्री एकदम दहाला निजविले, की तो पुन्हा त्या जागत्या घटकेत सापडतो व सर्व पहिल्यापासून सुरू करावे लागते. वेळ एकाच टप्प्यावर दोन आठवडे अडून राहिली आणि मूल दिवसा ताजेतवाने असेल, तर ती त्याची स्वाभाविक वेळ समजावी. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने २०१६ मध्ये ६ ते १२ वर्षे वयासाठी ९ ते १२ तास झोप शिफारशिली आहे. ही मर्यादा रुंद आहे, आणि सगळ्या मुलांची गरज तिच्या वरच्या टोकाला नसते.

निजण्यापूर्वीचा क्रम : निजण्याच्या वेळेपूर्वी चाळीस मिनिटे दररोज त्याच क्रमाने, त्याच जागी त्याच गोष्टी कराव्यात. निजण्याची वेळ जशी अलीकडे येईल तसा हा क्रमही तिच्याबरोबर सरकतो. वरील घरात हातपाय धुणे, दात घासणे, कपडे बदलणे, लघवी, पाण्याचे दोन घोट, पाठीला तेल चोळणे आणि एक ठराविक गोष्ट किंवा गाणे असा क्रम बसतो. मुलाला जे नकोसे वाटते, उदा., दात घासणे, ते सुरुवातीस आणि जे हवेसे वाटते ते शेवटी ठेवावे; म्हणजे मूल अंथरुणाकडे ओढत न्यावे लागत नाही. आंघोळ काही मुलांना शांत करते, तर काहींना चेतविते. अशा मुलांची आंघोळ संध्याकाळीच उरकावी.

हा क्रम तोंडी सांगण्यापेक्षा चित्रांनी दाखविल्यास स्वमग्न मुलाला अधिक लवकर उमगतो. पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर घरातल्याच वस्तूंची छायाचित्रे चिकटवावीत : त्याचा स्वतःचा दात घासण्याचा ब्रश, त्याचीच चादर. बाजारात मिळणाऱ्या छापील चित्रातला निळा ब्रश हा आपल्या हिरव्या ब्रशाचाच निदर्शक आहे, हे त्याला उमगेलच असे नाही. पत्ते दोरीवर चिमट्यांनी डावीकडून उजवीकडे लावावेत आणि एकेक काम झाले की मुलाने स्वतः तो पत्ता काढून ‘झाले’ असे लिहिलेल्या डब्यात टाकावा. दोरीवर किती उरले हे त्याला दिसते व शेवट कोठे आहे हे कळल्याने हट्ट कमी होतो. भाषाही नेमकी हवी. ‘झोप आता’ ही आज्ञा मुलाला पाळता येण्याजोगी नाही. ‘अंथरुणावर पड, डोके उशीवर ठेव’ हे करता येते.

क्रम सुरू झाल्यापासून घरातला उजेड कमी असावा. नळीदिवा बंद करून कमी शक्तीचा पिवळसर दिवा लावावा. दूरदर्शन व भ्रमणध्वनी किमान तासभर आधी बंद व्हावेत. मालगुंडला उन्हाळ्यात सूर्य सात-सव्वासातला मावळतो, हिवाळ्यात सहाच्या सुमारास. म्हणजे बाहेर अंधार पडल्यानंतरचे चार-पाच तास मुलाच्या डोळ्यांना दिवस भासविणारा उजेड घरातलाच असतो. मालिका पाहणाऱ्या आजींची अडचण खरी आहे. संच दुसऱ्या खोलीत हलविणे शक्य नसेल, तर त्याची पाठ माजघराकडे करणे व आवाज उतरविणे एवढ्यानेही फरक पडतो.

मात्र ठराविकपणाचा अतिरेकही घातक होतो. पिवळी चादर पावसाळ्यात वाळली नाही म्हणून रात्रभर आकांत, असे प्रसंग कोकणात आषाढ-श्रावणात नित्याचे आहेत. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर क्रमामध्ये ‘आज वेगळे’ असा एक पत्ता मुद्दाम ठेवावा. कधी चादर बदलावी, कधी आईऐवजी आजीने गोष्ट सांगावी. बाकी सर्व तसेच. आवडत्या चादरीची जोडी घेऊन ठेवणे व दोन्ही सारख्याच वापरात ठेवणे हा साधा उपाय आहे. पंख्याच्या आवाजावर झोपणारे मूल वीज गेली की जागे होते. ते उकाड्यामुळे की आवाज थांबल्यामुळे, हे हातपंख्याने वारा घालून पाहिल्यास कळते. आवाजच कारण असेल, तर घटमालेवर चालणारा छोटा पंखा जवळ ठेवावा.

मध्यरात्रीची जाग : सर्वच माणसे रात्रीतून अनेकदा क्षणभर जागी होतात व पुन्हा झोपतात, सकाळी ते आठवत नाही. परंतु मूल ज्या स्थितीत झोपी गेले ती स्थिती जाग आल्यावर नसेल, तर ते पुरते जागे होते. वरील मुलगा आईचा तळहात गालाखाली घेऊन झोपतो. दोन वाजता हात नाही असे कळताच तो उठतो व तो हात शोधतो. यावरील उपाय मध्यरात्री नव्हे, निजण्याच्या वेळी करावयाचा असतो आणि झोपण्याची वेळ स्थिर झाल्यावरच त्यास हात घालावा. दोन्ही बदल एकदम करू नयेत. आधी तळहात गालाऐवजी खांद्यावर ठेवावा. तीन-चार रात्रींनी तो अंथरुणावर, मुलाला लागेल इतक्या अंतरावर. पुढे आईने हातभर दूर बसावे, मग आपल्या अंथरुणावर आडवे व्हावे. मध्यरात्री उठल्यास दिवा न लावता, न बोलता, त्या आठवड्याच्या टप्प्याइतकीच सोबत द्यावी.

पाश्चात्त्य पुस्तकांत या पद्धतीचा शेवट पालक खोलीबाहेर जाण्यात होतो. आपल्याकडे माजघरात सर्वांनी एकत्र झोपण्याची रीत आहे. ती मोडण्याचे काहीच कारण नाही. आई शेजारी असावी, तिचा हात मात्र झोपेची अट असू नये, एवढेच साधावयाचे असते. या टप्प्यात जागणाऱ्या व्यक्तीला सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी वाटणी आवश्यक आहे. वडील गावी नसलेल्या घरात आजीने रात्री दोनपर्यंत व आईने नंतर मुलाकडे पहावे, किंवा उलट. दोघींनी एकाच टप्प्याप्रमाणे वागले पाहिजे, कारण एकीने दूर बसावे व दुसरीने कुशीत घ्यावे असे झाल्यास मूल अधिक वेळ रडून पाहू लागते. कोणताही बदल सुरू केल्यावर दोन-तीन रात्री रडणे वाढून मग कमी होते. ते वाढले म्हणून उपाय चुकला, असे मानू नये.

शिमग्यात पालखी रात्री घरी येते, ढोल वाजतात. गणपतीत आरत्या व भजने लांबतात. या रात्री वेळ पाळण्याचा अट्टहास व्यर्थ असतो. पालखीची चित्रे आदल्या दिवशी दाखवावीत, मुलाला ढोलापासून दूर न्यावे व दुसऱ्या दिवशी साडेसातला नेहमीप्रमाणे उठवावे. एक टप्पा मागे जाऊन दोन-तीन रात्रींत घडी पुन्हा बसते.

औषधे व साधने : अमेरिकेतील तंत्रिकाविज्ञान अकादमीने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शारीरिक कारणे पाहून प्रथम वर्तनविषयक उपाय करावेत व ते पुरेसे ठरले नाहीत, तर मेलॅटोनीन द्यावे. त्याची सुरुवात निजण्यापूर्वी ३० ते ६० मिनिटे १ ते ३ मिलिग्रॅम अशा अल्प मात्रेने करून गरजेप्रमाणे वाढवितात. दिवसाची मात्रा १० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. त्याने झोप लवकर लागते. सकाळची जाग लांबविण्यास ते फारसे उपयोगी नाही. बाजारातील गोळ्यांतील प्रत्यक्ष प्रमाण वेष्टनावर लिहिल्याप्रमाणे असतेच असे नाही व दीर्घकालीन वापराची माहिती मर्यादित आहे; म्हणून ते वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे. सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध चमचाभर देण्याची चाल मात्र सोडून द्यावी. त्याने काही मुले उलट अधिक चेकाळतात आणि जी झोपतात त्यांच्यावर त्याचा परिणाम थोड्याच दिवसांत ओसरतो.

वजनदार पांघरुणांची बरीच जाहिरात होते. इंग्लंडमध्ये ६७ स्वमग्न मुलांवर केलेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा पांघरुणाने साध्या पांघरुणापेक्षा झोप वाढली नाही. मुलांना व पालकांना मात्र ते अधिक आवडले. ज्या मुलाला अंगावर दाब आवडतो त्याला जड गोधडी देण्यास हरकत नाही, परंतु ती त्याला स्वतः बाजूला सारता आली पाहिजे. लहान मुलांवर वजनदार पांघरूण घालू नये.

चार ते सहा आठवडे नोंदीसह प्रयत्न करूनही झोप लागण्यास तासाहून अधिक वेळ लागत असेल किंवा मध्यरात्रीची दीर्घ जाग कायम असेल, तर नोंदवही घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते व विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा स्वतंत्र उल्लेख असून त्यानुसार दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळते. वैद्याला मुलाच्या झोपेचे चित्रण भ्रमणध्वनीवर दोन-तीन मिनिटे करून दाखविल्यास घोरणे, पायांची हालचाल किंवा झटके यांचा निर्णय करणे पुष्कळ सोपे जाते. तपासणीच्या खोलीत दिवसा यांपैकी काहीच दिसत नाही.